बिनव्याजी पंचेचाळीस दिवस

त्याला सगळे गारवा म्हणत. फ्रिज, एसी, दुधाच्या डेअरीतला कूलर, बर्फाची पेटी, थंड करणारं जे काही बिघडेल ते त्याच्याकडे यायचं. तोंडाचा गोड आणि हाताचा सफाईदार. गिऱ्हाईक तापलेलं असलं तरी हा पोचला की पाच मिनिटांत थंड, म्हणून ते नाव. फक्त त्याची थोरली बहीण त्याला बाळू म्हणायची. चाळिशी ओलांडली होती त्याने, पण आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ही सतरा. तेव्हापासून त्याचं नाक पुसण्यापासून त्याच्या लग्नात पंगतीला वाढण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. तिच्या लेखी तो बाळूच.

ताईचं कोर्टाच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सचं दुकान होतं. दोन मशीन, एक लॅमिनेशनचं यंत्र, काउंटरवर पेन, फायली, लिफाफे. गिऱ्हाईक दहा-वीसचं, फार तर दोनशेचं. हल्ली सुटे कुणाकडेच नसत, त्यामुळे काउंटरवर स्कॅनर चिकटवलेला आणि शेजारी पैसे आल्याची वर्दी देणारा छोटा डबा. दिवसभर तो डबा बोलत असायचा. नवरा शाळेची बस चालवायचा. मुलगी लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती, पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाली होती.

बाळूने उसनवारीची गोष्ट तिला पहिल्यांदा सांगितली ती फुशारकीनेच.

"ताई, हे बघ. पैसे पाठवायचं आपलं नेहमीचं ॲप. त्यातच आता साठ हजारांचं लिमिट दिलंय मला. ना कागद, ना जामीन. चेहरा दाखवला, दोन बटणं दाबली, पिन टाकला, झालं."

"कोण देतंय पण?"

"ॲपवाले."

"ॲपवाले कशाला देतील? त्यांचे का पैसे आहेत?"

मग त्याने नीट बघितलं. खाली बारीक अक्षरात कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं नाव होतं. पैसे त्या कंपनीचे, ॲप म्हणजे नुसती खिडकी. त्याला त्याचं काही वाटलं नाही. सुट्या भागांच्या दुकानात स्कॅन करायचं, बँकेच्या खात्याऐवजी ते लिमिट निवडायचं, की दुकानदाराला लगेच पैसे. महिनाभर जे काही घेतलं त्याचं एकच बिल यायचं, आणि बिलाच्या तारखेपर्यंत सगळं भरलं तर एक छदामही व्याज नाही. खरेदीपासून बिल भरेपर्यंत जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस मिळायचे.

त्याच्या धंद्याला ते अगदी मापाचं होतं. आधी कॉम्प्रेसर विकत घ्यायचा, मग काम करायचं, मग गिऱ्हाईक आठ-पंधरा दिवसांनी पैसे देणार. एरवी दुकानदाराच्या दाढीला हात लावून उधारी मागावी लागे. आता कुणाचं मिंधं व्हायला नको. आठ-नऊ महिने त्याने बिल वेळेवर आणि पूर्ण भरलं. एकदाही व्याज पडलं नाही. कंपनीने खूश होऊन लिमिट एक लाखावर नेलं. त्याने विचारलंही नव्हतं.

"फुकटात वापरतोय मी त्यांचे पैसे," तो म्हणाला होता.

ताई लॅमिनेशन करत होती. "फुकट देणारा कधी बघितला नाही मी अजून," एवढंच ती म्हणाली आणि गरम झालेलं कार्ड टेबलावर ठेवून दाबत बसली.

मग फुलांच्या व्यापाऱ्याचं काम आलं. त्या माणसाला फुलं ठेवायला एक थंड खोली बांधून हवी होती. बाळूने आजवर केलेल्या कामांत हे सर्वांत मोठं. सव्वा लाखाचा ठराव झाला, निम्मे आधी, निम्मे काम झाल्यावर. आधी मिळालेल्यातून गाडीचे थकलेले हप्ते आणि भिंतीच्या पॅनेलचा खर्च गेला. दोन कॉम्प्रेसर, तांब्याचे पाइप, गॅस, पंखे, हे सगळं त्याने लिमिटमधून उचललं. बहात्तर हजार.

खोली तयार झाली. आत गेलं की दात वाजायचे. पण व्यापाऱ्याने पहिल्या आठवड्यात सांगितलं, दार नीट बसत नाही. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, वीजबिल फार आलं. तिसऱ्या आठवड्यात फोन उचलेनासा झाला.

बिलाची तारीख आली. खात्यात बारा हजार होते आणि घरभाडं द्यायचं होतं. ॲप उघडल्यावर बाळूला दोन आकडे दिसले. वर एकूण रक्कम, बहात्तर हजार. खाली, ठळक अक्षरात, किमान रक्कम, तीन हजार सहाशे. बटण किमान रकमेवरच होतं. त्याने ते दाबलं. हिरवी खूण आली, 'धन्यवाद' आलं. त्याला वाटलं, हा महिना निभावला.

पुढच्या बिलाने त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तीन हजार सहाशे भरूनही देणं आधीपेक्षा वाढलं होतं. व्याजच चार हजारांच्या वर, आणि त्या व्याजावर कर वेगळा. त्याने कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे सांगितलं, की पूर्ण रक्कम भरली तरच व्याज माफ असतं. थोडी जरी राहिली, तर व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं, बिलाच्या तारखेपासून नाही. दर महिन्याला साडेतीन टक्के.

"म्हणजे वर्षाला?"

"बेचाळीस, सर."

"आणि मी किमान भरले ते?"

"त्याने लेट फी लागली नाही, सर."

आणखी एक गोष्ट त्या मुलीने सांगितली, तीही तो विचारत बसला म्हणून. जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही सवलत नाही. आज घेतलेल्या गॅसच्या बाटलीवर आजपासून व्याज. बाळूने मागचे व्यवहार काढून बघितले तर गॅसची बाटलीच काय, दूध, पेट्रोल, केस कापल्याचे पैसेसुद्धा तिथूनच गेले होते. एकदा ते लिमिट वापरलं की ॲप स्कॅन केल्यावर तेच पहिलं पुढे करायचं. हा घाईत पिन टाकून मोकळा. बँकेत पैसे असताना तो बेचाळीस टक्क्यांचं दूध प्यायला होता.

यातलं काहीच त्याने ताईला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पुढच्या महिन्यात किमान रक्कमही चुकली, लेट फी लागली, आणि मग तो एका दुपारी दुकानात आला. ताईने चहा मागवला. तो न पिताच म्हणाला, "ताई, तुझ्या स्कॅनरवर दहा हजार टाकतो. तू मला गल्ल्यातून रोख दे. तुझे उद्या तुझ्या खात्यात येतीलच."

"तुझ्याच खात्यात टाक की."

"त्यात टाकता येत नाहीत. ते पैसे दुकानातच चालतात. कुणा माणसाला पाठवता येत नाहीत, रोखही काढता येत नाही."

"मग ते मुद्दामच तसं ठेवलं असेल ना?"

"सगळेच करतात गं. घरभाडं थकलंय, फुलांवाल्याचे आले की मिटेल."

ताईने त्याच्याकडे बघितलं. गाल बसले होते. शर्टाचं एक बटण तुटलेलं, आणि त्याची बायको तसं कधी राहू देत नसे. तिने गल्ला आणि पर्स दोन्ही उलटे करून दहा हजार जमवले. त्याने स्कॅन केलं. डबा बोलला, दहा हजार मिळाले. रांगेत उभ्या असलेल्या वकिलाच्या कारकुनाने मान वर करून बघितलं. त्या डब्याने एवढा मोठा आकडा आजवर उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्या खात्यात दोनशे कमी आले. चौकशी केल्यावर कळलं, गिऱ्हाइकाने बँकेतल्या पैशांनी दिलं तर दुकानदाराचं काही कापत नाहीत, उसन्या लिमिटमधून दिलं तर कापतात. तिने ते दोनशे सोडून दिले. भावाकडून काय मागायचे. पंधरा दिवसांनी बारा हजारांचं तसंच झालं, तेव्हाही सोडले.

त्यानंतर कंपनीने बाळूचं लिमिट गोठवलं. वसुलीचा माणूस घरी येऊन गेला. आरडाओरडा काही केला नाही त्याने, बूट काढून आत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, तीन महिने थकलं की खातं बुडीत धरतात, मग कुठलीच बँक दारात उभं करत नाही. बाळूच्या बायकोला सगळं कळलं ते त्या माणसाच्या तोंडून.

आणि तेवढ्यात दुसऱ्या एका ॲपने त्याला चाळीस हजार देऊ केले. पहिल्या कंपनीची थकबाकी अजून सगळीकडे नोंदली गेली नसावी, किंवा त्यांनी बघितलीच नसावी. पुन्हा तेच, पंचेचाळीस दिवस बिनव्याजी. बाळूने हिशेब मांडला. हे चाळीस उचलून पहिल्या कंपनीत भरायचे. तिथलं व्याज बरंच खाली येईल, वसुलीवाले थांबतील. पंचेचाळीस दिवसांत फुलांवाला देईलच, निदान अर्धे तरी. मग हे चाळीस व्याजाशिवाय परत. कागदावर ते खरंच बिनचूक होतं. फक्त सगळं त्या फुलांवाल्यावर टांगलेलं होतं.

"दोनदा वीस-वीस टाकतो," तो ताईला म्हणाला. "आज गुरुवारी टाकले की उद्या शुक्रवारी तुझ्या खात्यात. मला मात्र आजच रोख लागतील, उद्या पहिल्या कंपनीची शेवटची तारीख आहे."

ताईकडे रोख होती. मुलीच्या दुसऱ्या वर्षाची फी, बेचाळीस हजार, कपाटात पिशवीत होती. वर्षभर बाजूला टाकून जमवलेली. पुढच्या बुधवारी भरायची होती.

"बाळू, ही तिची फी आहे."

"शुक्रवारी तुझ्या खात्यात येणार आहेत, ताई. मी तुला बुडवेन का?"

हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. त्या प्रश्नाला ताईकडे एकच उत्तर होतं. लहानपणी ताप आला की तो तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपायचा, ती हलली तर जागा व्हायचा. असल्या माणसाला नाही म्हणायची सवयच नव्हती तिला. ती घरी गेली, पिशवी घेऊन आली. डबा दोनदा बोलला, वीस हजार मिळाले, वीस हजार मिळाले. बाळूने नोटा शर्टाच्या आत घातल्या आणि जाताना वाकून तिच्या पायाला हात लावला. तिने त्याला हटकलं, "आज काय हे नवीन?"

शुक्रवारी पैसे आले नाहीत. चाळीस हजार तर नाहीच, पण गुरुवारची बाकीची किरकोळ जमाही आली नाही. शनिवारी एक संदेश आला: तुमच्या दुकानातले काही व्यवहार तपासणीसाठी थांबवले आहेत. विकलेल्या मालाची बिलं आणि तो माल खरेदी केल्याचा पुरावा पाठवा.

ताईने संदेश तीनदा वाचला. मग बाळूला फोन केला. तो लगेच आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "घाबरू नकोस. दोन बिलं फाड. कागदाचे गठ्ठे विकले म्हण. नावं मी देतो."

"एवढे गठ्ठे मी वर्षात विकत नाही."

"त्यांना काय माहीत?"

"खरेदीचा पुरावा कुठून आणू?"

"कागदाच्या ठोक व्यापाऱ्याला सांग ना. तुझ्या ओळखीचा आहे. मागच्या तारखेचं एक बिल देईल."

नवरा बस लावून आला होता. तो दारात टेकून ऐकत होता. तसा तो कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, "दे लिहून. पोरीची फी आहे ती. आपण कुणाचं चोरलेलं नाही."

ताईने बिलबुक ओढलं. तारीख टाकली, कागदाचे गठ्ठे म्हणून लिहिलं, आणि नगांच्या रकान्यापाशी थांबली. किती लिहायचे? वीस हजारांत किती गठ्ठे बसतात याचा हिशेब ती मनात करू लागली आणि मग तिच्या डोळ्यांसमोर तेवढे गठ्ठे आले. तिच्या दुकानात ते मावलेच नसते. आणि कुणी येऊन नुसतं दारातून आत बघितलं असतं, तरी त्याला ते दिसलं असतं.

तिने पेन खाली ठेवलं.

"ताई," बाळू म्हणाला.

"मी फोन करते त्यांना."

"कुणाला?"

"ज्यांनी पैसे अडवलेत त्यांना."

सोमवारी तासभर ताटकळल्यावर फोन एका बाईने घेतला. आवाजावरून ताईच्याच वयाची वाटली. ताईने सगळं सांगितलं, भाऊ, लिमिट, रोख, फी.

"तुम्ही हे मला सांगितलंत हे मला लिहावं लागेल," ती बाई म्हणाली. "माल विकलाच नाही असं तुम्ही म्हणताय. म्हणजे व्यवहार रद्द. ते चाळीस हजार ज्यांनी दिले त्या कंपनीला परत जाणार. तुम्हाला नाही."

"पण मी रोख दिलेत भावाला."

"ते तुमच्या दोघांतलं. आमच्याकडे त्याची नोंद नाही."

"आणि मी बिलं पाठवली असती तर?"

"रोज दहा-वीस येणाऱ्या स्कॅनरवर एकाच माणसाचे दहा, बारा, वीस, वीस. सगळे गोल आकडे, सगळे उसने. बिलं बघून आम्ही तुमच्या दुकानात माणूस पाठवला असता. मग ते खोटी बिलं केल्याचं प्रकरण झालं असतं, तुमच्या नावावर." मग आवाज थोडा खाली आणून ती म्हणाली, "बरं केलंत. पण स्कॅनर बंद होईल. त्यात माझ्या हातात काही नाही."

चाळीस हजार दुसऱ्या ॲपच्या कंपनीकडे परत गेले. बाळूचं तिथलं देणं जवळजवळ शून्य झालं, थोडी फी राहिली, ती भरून खातं बंद झालं. पहिल्या कंपनीत त्याने ताईची रोख आधीच भरली होती. म्हणजे बघायला गेलं तर कुणाचंच काही बुडालं नव्हतं. नवी कंपनी फिटली, पहिलीची बाकी चाळीस हजारांनी कमी झाली, आणि दोन्हींमधले चाळीस हजार ताईच्या कपाटातून गेले होते.

बाळूला हे तिच्या दुकानातच उमगलं. तो स्टुलावर बसून बोटं मोडत होता. "म्हणजे ते माझं कर्ज तू फेडलंस," तो म्हणाला, आणि त्याला हसू आलं, विचित्र, आणि ते थांबवता येईना तशी त्याने तोंडावर हात ठेवला.

बुधवार उलटला. ताईने संस्थेत जाऊन आठ दिवस मागून घेतले, दंडासह. त्या आठ दिवसांत तिने जिथे जिथे शब्द टाकता येईल तिथे टाकला. नवऱ्याने पगाराची उचल आधीच घेतलेली होती. बँकेत गेली तर तिथल्या माणसाने खात्यावरची शंकेची खूण बघून हात जोडले. बाळू रोज फुलांवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला. सहाव्या दिवशी त्या माणसाने पाच हजार हातावर ठेवले आणि वर म्हणाला, दार दुरुस्त कर मग बाकीचं बघू. पहिल्या कंपनीचे वसुलीवाले आठवड्याला येतच होते. ते पाच हजार ताईपर्यंत पोचले नाहीत.

आठवा दिवस गेला. मुलीचं नाव यादीतून कमी झालं. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल, नव्या फीने, असं संस्थेतल्या बाईने सांगितलं. मुलगी रडली नाही. घरी येऊन तिने पांढरा कोट धुतला, वाळवला, इस्त्री केला आणि पलंगाखालच्या बॅगेत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती काउंटरवर उभी राहिली.

दुकानाचं कंबरडं मोडायचं तेवढं मोडलं होतं. स्कॅनर बंद, रोख कुणाकडे नाही. लोक यायचे, खिसे चाचपायचे, "सॉरी हं" म्हणून शेजारच्या दुकानात जायचे. वकिलाचा कारकूनही गेला. नवऱ्याच्या नावाने नवा स्कॅनर मिळायला चार महिने लागले आणि तोवर गेलेलं गिऱ्हाईक पुष्कळसं परतलं नाही.

बाळूने गाडी विकली, औजारांची मोठी पेटी विकली आणि एसी बसवणाऱ्या एका कंपनीत पगारावर लागला. पहिल्या कंपनीने बाकीच्या रकमेचे दोन वर्षांचे हप्ते पाडून दिले. व्याज कमी केलं, पण खात्यातून महिन्याच्या पाच तारखेला आपोआप कापून घ्यायची परवानगी त्याच्याकडून घेतली. ताईला तो महिन्याला दोन हजार द्यायचं ठरलं. तोच म्हणाला होता, तिने मागितले नव्हते.

तीन महिने दिले. चौथ्या महिन्यात पगार दोन दिवस उशिरा झाला. पाच तारखेला कंपनीने खात्यात हात घातला, पैसे नव्हते. त्याबद्दल कंपनीने दंड लावला, आणि हप्ता परत गेला म्हणून बँकेने वेगळा लावला. पुढच्या महिन्यात दोन्ही दंड आणि दोन हप्ते एकदम कापले गेले. ताईचे राहिले. त्याच्या पुढच्या महिन्यातही राहिले.

"आधी ते कापून घेतात, ताई," तो फोनवर म्हणाला. "मला विचारत नाहीत. मग घरभाडं. मग काही उरलं तर..."

"तर बहीण," ती म्हणाली.

पलीकडून त्याच्या बायकोचा भांडी घासण्याचा आवाज येत होता.

दोन महिने तो फिरकला नाही. मग एका शनिवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर दिसला. कंपनीचा निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. थकलेला, पण दाढी केलेली. हातात पाकीट होतं. ताई आतल्या मशीनमध्ये कागद भरत होती. तो सरळ आत आला, पाकीट तिच्यापुढे केलं.

"तीन हजार आहेत. जादा तास केले. आणि ताई, एक बोलायचं होतं. हे बाकीचे सगळे फिटणार कधी, मला दिसत नाही. तू जर... म्हणजे तू मनावर नाही घेतलंस तर..."

ताईने मशीनचं झाकण बंद केलं. तो काय मागतोय ते तिला कळलं होतं. तो नीट मागू शकत नव्हता तेही कळलं. एक वर्षापूर्वी तिने त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नसतं, त्याआधीच हो म्हणाली असती.

"मला काही म्हणायचं नाही रे बाळू," ती म्हणाली. "माझे असते तर मी कधीच सोडून दिले असते. ते दोनशे सोडले तसे. पण ते माझे नव्हते. ज्यांचे होते ती बाहेर उभी आहे. सोडायचे की नाही ते तिला विचार."

"तिला मी कसं विचारू?"

"मला विचारलंस तसं."

तो पाकीट हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग काउंटरच्या पलीकडे, बाहेर गेला. आतून त्याला भाचीच्या शेजारी जाऊन उभं राहता आलं असतं, पण तो गिऱ्हाइकांच्या बाजूला गेला. कोर्टात तारीख असलेले चार-पाच जण कागद घेऊन घाईत होते. तो त्यांच्या मागे थांबला. भाचीने मान वर केली, मामाला बघितलं, आणि पुढच्या माणसाच्या आधार कार्डावर झाकण ठेवलं. हिरवा उजेड सरकत गेला. एक माणूस गेला, दुसरा आला. बाळू पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता.

ताई आतून बघत होती. तिला दोनदा वाटलं, बाहेर जावं आणि त्याला म्हणावं, राहू दे, घरी जा. ती गेली नाही. कागदाचं रिकामं वेष्टन घडी करत राहिली.

शेवटचं गिऱ्हाईक पैसे देऊन निघालं. समोर आता फक्त तो होता. मुलीने दोन्ही हात काउंटरवर ठेवले.

"बोला मामा," ती म्हणाली. "काय हवंय?"